माय, काय आणि चाय

मराठीत ‘माय’ म्हटलं की अर्थ एकच. हाँगकाँगमध्ये मात्र हाच उच्चार दिवसभरात चार वेगवेगळ्या सुरांत कानावर पडतो. एका सुरात त्याचा अर्थ ‘विकत घेणं’, दुसऱ्यात ‘विकणं’. तिसऱ्या सुरातला ‘माय’ हॉटेलात बिल मागताना लागतो आणि चौथा बांबूच्या टोपलीत वाफवलेल्या एका पदार्थाच्या नावात असतो. हे चार ‘माय’ वेगळे ओळखता आणि म्हणता आले, तर भाजीच्या गाळ्यापासून हॉटेलच्या गल्ल्यापर्यंतचं पर्यटकाचं बरंचसं काम भागतं.

२०२१च्या जनगणनेनुसार हाँगकाँगमधल्या सुमारे ८८ टक्के लोकांची रोजच्या बोलण्याची भाषा कॅन्टोनीज आहे. इंग्रजी ही तिथली अधिकृत भाषा असली, तरी ती बँकेत, विमानतळावर आणि मोठ्या दुकानांत जास्त चालते. भाजीवालीशी किंवा टपरीवजा हॉटेलातल्या वेटरशी बोलायचं, तर गाठ कॅन्टोनीजशीच पडते.

या भाषेतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा सूर असतो आणि तो बदलला की शब्दच बदलतो. असे सूर सहा. १९९३मध्ये हाँगकाँगच्या भाषातज्ज्ञांच्या संस्थेने ‘ज्यूतपिंग’ नावाची रोमन लेखनपद्धत ठरवली. तिच्यात प्रत्येक अक्षरापुढे सुराचा आकडा लिहितात. इथेही तेच केलं आहे. ‘माय५’ म्हणजे पाचव्या सुरातला ‘माय’.

सहा सुरांची वर्णनं पाठ करत बसण्यापेक्षा शिकणाऱ्यांमध्ये प्रचलित असलेली एक सोपी युक्ती उपयोगी पडते. ३, ९, ४, ०, ५, २ हे आकडे याच क्रमाने म्हणायचे: साम१, कौ२, सेय३, लेङ्४, ङ्५, यी६. एक ते सहा हे सगळे सूर त्यांत ओळीने येतात. तीन म्हणताना आवाज वर चढवून तिथेच सपाट धरायचा. नऊचा सूर खालून वर झेपावतो, आपण आश्चर्याने ‘हो?’ म्हणतो तसा. चार मधल्या पट्टीत सरळ. शून्य खालच्या पट्टीत सुरू होऊन आणखी खाली बसतो, दमलेला माणूस खुर्चीत टेकताना ‘हंऽ’ म्हणतो तसा. पाच खालून निघून थोडाच वर येतो आणि दोन खालच्या पट्टीतच आडवा राहतो. पट्टी ज्याची त्याची. जाड आवाजाच्या माणसाला चढा सूर लावायला बायकी आवाज काढावा लागत नाही, स्वतःच्याच आवाजात वर-मध्य-खाली एवढा फरक पुरतो.

आता चार ‘माय’ या आकड्यांवर टांगता येतात. विकत घेण्याचा माय५ पाचाच्या सुरात, विकण्याचा माय६ दोनाच्या, बिलाचा माय४ शून्याच्या आणि पदार्थातला माय२ नवाच्या सुरात. शब्द अडला की मनात आधी तो आकडा म्हणायचा आणि त्याच चालीवर ‘माय’ म्हणायचा. पहिल्या दिवशी हे विचित्र वाटतं. पण भाव विचारायला आकडे लागतातच, त्यामुळे एका पाठांतरात दोन कामं होतात.

सूर सोडले तर उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाचं नशीब चांगलं आहे. ज्यूतपिंगमध्ये जिथे रोमन बी, डी, जी दिसतात, तिथे कॅन्टोनीज माणूस ब, द, ग म्हणत नसून प, त, क म्हणतो. रोमन पी, टी, के म्हणजे फ, थ, ख. प आणि फ यांत इंग्रजी कानाला चटकन भेद करता येत नाही, आपल्याला तो बाराखडीतच शिकवलेला असतो. म्हणून ‘डिम सम’चा खरा उच्चार ‘तिम२ सम१’ हा मराठी तोंडात सहज बसतो. फक्त फ म्हणताना ओठ पूर्ण मिटायला हवेत.

दुसरा फायदा ‘च’चा. चहातला च आणि चमचातला च हे दोन वेगळे आवाज आपल्याकडे आहेत. कॅन्टोनीजला बहुतेक वेळा चमचातला लागतो. तिसरा फायदा अ आणि आ यांचा. ‘कय१’ म्हणजे कोंबडी आणि ‘काय१’ म्हणजे रस्ता. सूर एकच, फरक फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा. आणि चौथा फायदा म्हणजे ङ. शाळेत क-ख-ग-घ नंतर घोकलेलं आणि ‘वाङ्मय’ सोडलं तर फारसं कामी न आलेलं हे अक्षर हाँगकाँगमध्ये एकटंच उभं राहून ‘पाच’ हा अर्थ देतं. ‘मी’ या अर्थाचा ‘ङॉ५’ही तिथूनच सुरू होतो. अलीकडे बरेच हाँगकाँगकर ङॉचा ‘ऑ’ करतात, पाच म्हणताना ओठ मिटून नुसतं ‘म्’ म्हणतात आणि शब्दाच्या सुरुवातीच्या ‘न’चा ‘ल’ करतात. जुन्या वळणाची माणसं त्याला आळशी उच्चार म्हणतात, पण बाजारात दोन्ही ऐकू येतात.

एक गोष्ट मात्र नव्याने शिकावी लागते. सप्६ (दहा), लुक्६ (सहा), पात्३ (आठ) यांतलं शेवटचं व्यंजन फुटू द्यायचं नाही. ‘सप्’ म्हणताना ओठ मिटायचे आणि तसेच मिटलेले ठेवायचे.

बाजाराला तिथे ‘काय१ सी५’ म्हणतात, म्हणजे रस्त्यावरचा बाजार. नाव तसं असलं तरी आज यांतले बरेचसे बाजार सरकारी बहुमजली इमारतींत आहेत. खाली भाजी, मासळी आणि मटण. वरच्या मजल्यावर शिजवलेल्या अन्नाचे गाळे. सकाळी भाजीला जाणं म्हणजे ‘माय५ सुङ्३’. भातासोबत जे काही खायचं ते सगळं सुङ्, म्हणजे आपलं कालवण-तोंडीलावणं. तेव्हा बाजाराच्या दाराशीच पहिला ‘माय’ भेटतो, पाचाच्या सुरातला.

दुसरा गाळ्यावर भेटतो. भाव विचारायची खास बाजारी पद्धत आहे ‘तिम२ माय६ आ३?’. शब्दशः ‘कशी विकतो?’, आपल्या ‘कशी दिली?’ची सख्खी बहीण. इथे माय दोनाच्या सुरात, खाली आणि सपाट. तो पाचासारखा वर उचलला, तर ‘कशी विकत घेऊ?’ असा अर्थ होतो. भाजीवाली संदर्भाने समजून घेते, पण तिच्या चेहऱ्यावर हसू उमटतं. पाठ्यपुस्तकातलं ‘केय२ तॉ१ छिन२ आ३?’ म्हणजे ‘किती पैसे?’ हेही सगळीकडे चालतं.

मराठी माणसाची खरी चूक होते ती वाक्याच्या शेवटी. प्रश्न विचारताना आपण शेवटचा शब्द वर उचलतो: ‘कितीलाऽ?’ कॅन्टोनीजमध्ये शेवटचं अक्षर असं उचललं की त्याचा सूर बदलतो. प्रश्न मवाळ करायचं काम तिथे शेवटच्या ‘आ३’ने आधीच केलेलं असतं. तो मधल्या पट्टीत सरळ सोडून द्यायचा आणि थांबायचं. बोलणं थोडं कोरडं वाटेल, पण समोरच्याला कोरडं वाटत नाही.

आता एक खरेदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. समजा पुण्याहून आलेल्या बाईंना ‘छॉय३ सम१’ हवी आहे. पिवळ्या फुलांची, कोवळ्या दांड्यांची ही हिरवी भाजी तिथे घरोघरी असते. नावाचा अर्थ ‘भाजीचं काळीज’. डिम समच्या नावात शेवटी हेच काळीज आहे. बाई विचारतात, ‘तिम२ माय६ आ३?’ उत्तर येतं, ‘सप्६ लुक्६ मन१ कन१.’ सप् म्हणजे दहा, लुक् म्हणजे सहा, मिळून सोळा. कॅन्टोनीज आकडे असेच सरळ जोडले जातात, एकोणचाळीस-एकोणपन्नासची भानगड नाही. मन१ म्हणजे डॉलर आणि कन१ हे वजन. थोडक्यात, सोळा डॉलर कन.

हा कन म्हणजे किलो नव्हे. हाँगकाँगचा कन सुमारे ६०५ ग्रॅमचा आणि त्याचे १६ ‘ल्यॉङ्२’. म्हणजे एक ल्यॉङ् ३८ ग्रॅमच्या आसपास. मेट्रिक मापं येण्यापूर्वी ज्यांनी शेर आणि छटाक वापरले, त्यांना हा हिशेब ओळखीचा वाटेल, कारण शेराचेही सोळाच छटाक होत. सोळा डॉलर कन म्हणजे ल्यॉङ्ला एक डॉलर. दोघांपुरती भाजी म्हणून बाई अर्धा कन मागतात: ‘म्४ कॉय१, पुन३ कन१.’ पुन म्हणजे अर्धा. आठ ल्यॉङ्, तेव्हा आठ डॉलर: ‘पात्३ मन१.’ अर्धा कन आणि आठ ल्यॉङ् एकच, म्हणून ‘पुन३ कन१ पात्३ ल्यॉङ्२’ ही कॅन्टोनीज म्हणच झाली आहे. दोन माणसांत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही, असा तिचा अर्थ. १९७६च्या एका गाजलेल्या हाँगकाँगी विनोदी चित्रपटाचं नावही हेच होतं.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. एक म्हणजे ‘ल्यॉङ्’. ए म्हणण्यासाठी जीभ ठेवायची आणि ओठ मात्र ओसारखे गोल करायचे, तेव्हा हा स्वर निघतो. नवाच्या सुरात त्याचा अर्थ वजन, पाचाच्या सुरात ‘दोन’. मोजताना दोनाला यी६ म्हणतात, पण दोन वस्तू मागताना ल्यॉङ्५. दोन कन म्हणजे ‘ल्यॉङ्५ कन१’. दोन ल्यॉङ् मात्र ‘यी६ ल्यॉङ्२’, नाहीतर तोंडात ल्यॉङ्-ल्यॉङ् होऊन बसेल. दुसरं ठिकाण नदीपलीकडच्या मुख्य चीनचं. ग्वांगझूमध्येही कॅन्टोनीज चालते आणि तिथेही कन म्हणतात, पण तो ५०० ग्रॅमचा.

‘म्४ कॉय१’ हा शब्द पर्यटकाने आधी शिकावा. पहिलं अक्षर म्हणजे ओठ मिटून शून्याच्या सुरात काढलेला नुसता ‘म्’. कुणाला हाक मारायची, गर्दीतून वाट काढायची, काही मागायचं, मिळाल्यावर आभार मानायचे, या सगळ्याला हाच शब्द चालतो. कुणी भेट दिली किंवा जेवू घातलं, तर मात्र ‘तॉ१ चे६’. भाजीवालीने भाजी बांधून दिली की म्४ कॉय१, ओळखीच्या घरातून मिठाईचा डबा मिळाला की तॉ१ चे६. भाजीवाल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत कांद्याच्या पातीच्या चार काड्या फुकट टाकतात, आपल्याकडे कढीपत्त्याची डहाळी टाकतात तशा.

गाळ्यावरून ‘लॅङ्३ लेय२!’ अशी हाक आली तर दचकू नये. शब्दशः ती ‘सुंदरी’ असते. वयाने साठीच्या बाईलाही ती ऐकू येते आणि पुरुषांना ‘लॅङ्३ चय२’, म्हणजे ‘देखण्या’. आपल्या ‘ताई, या’ आणि ‘या दादा’च्या जागी ही हाक असते. भाजीच्या गाळ्यावर घासाघीस फारशी होत नाही. कपडे आणि शोभेच्या वस्तूंच्या रस्त्यावरच्या बाजारात, उदाहरणार्थ माँग कॉकमधल्या ‘लेडीज मार्केट’मध्ये, ती अपेक्षितच असते. तिथे म्हणायचं, ‘फॅङ्४ ती१ तक्१ म्४ तक्१ आ३?’ ‘थोडं स्वस्त जमेल का?’ भाव ऐकून ‘खूप महाग!’ म्हणायला ‘होउ२ क्वय३!’ पुरतं. त्यातला क्वय चाराच्या सुरात सपाट ठेवावा. नवासारखा वर गेला की त्याचा अर्थ भूत होतो.

भाजी झाली, आता ‘यम२ छा४’. अर्थ ‘चहा पिणं’, पण प्रत्यक्षात चहासोबत टोपल्या-टोपल्यांतून येणारं डिम समचं भरपेट खाणं. ‘छा४’ म्हणायला मराठी माणसाला वेगळा सराव लागत नाही. घाईत ‘चहा’ एका दमात म्हटला की च आणि ह मिळून छा होतोच, फक्त तो शून्यासारखा खाली सोडायचा.

दाराशी प्रश्न येतो, ‘केय२ तॉ१ वय२ आ३?’, किती जण? उत्तर ‘ल्यॉङ्५ वय२’ किंवा ‘साम१ वय२’. बसल्यावर दुसरा प्रश्न, ‘यम२ मे१ छा४ आ३?’, कोणता चहा? गडद ‘पोउ२ लेय२’ किंवा मोगऱ्याच्या वासाचा ‘ह्यॉङ्१ फिन२’ ही सोपी उत्तरं. चहा आला की बरीच माणसं पहिल्या गरम पाण्याने वाट्या आणि काड्या विसळून घेतात. कुणी आपल्या कपात चहा ओतला, तर दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करायचं. तोंडात घास असताना आभार मानायची ही रीत. सम्राट छ्येनलुङ् वेषांतर करून फिरत असताना त्याच्या सेवकांनी लोटांगणाऐवजी बोटं टेकवली, अशी तिची दंतकथा सांगतात. किटलीतलं पाणी संपलं की झाकण तिरकं ठेवून द्यायचं. वेटर ते पाहून पाणी भरतो.

आता तिसरा ‘माय’. डुकराचं मांस आणि कोळंबी भरून, वरून उघडी ठेवलेली पुरचुंडी म्हणजे ‘सिउ१ माय२’. लिहिताना यात ‘विकणे’ हेच अक्षर येतं, पण पदार्थाच्या नावात सूर नवासारखा वर जातो. सुरांचा सराव करायला ‘छा१ सिउ१ पाउ१’ हे नाव उत्तम. तीनही अक्षरं सामसारखी, वर आणि सपाट. एकही अक्षर खाली पडू द्यायचं नाही. पदार्थ म्हणजे भाजलेल्या डुकराच्या मांसाचा गोडसर पाव.

शाकाहारी पाहुण्याची गाठ इथे ‘चाय१’शी पडते. चमचातला च, वरचा सपाट सूर. या चायचा चहाशी संबंध नाही. ‘ङॉ५ सिक्६ चाय१’ म्हणजे ‘मी शाकाहारी जेवतो’. मूळ अर्थ बौद्ध व्रताच्या जेवणाचा, त्यामुळे कडक चायमध्ये कांदा-लसूणही नसतो. ‘म्४ सिक्६ युक्६’, म्हणजे ‘मांस खात नाही’, एवढंच सांगितलं तर काम भागत नाही. युक् म्हटलं की स्वयंपाक्याच्या डोळ्यांपुढे मुख्यतः डुकराचं मांस येतं. वाफवलेल्या हिरव्या भाजीवर कालवांचा सॉस, म्हणजे ‘होउ४ यौ४’, येतोच. तो नको असेल तर ‘चौ२ होउ४ यौ४’. चौ२ म्हणजे ‘निघून जा’, हॉटेलच्या भाषेत ‘वगळा’. मुळ्याच्या वड्या पाहून हायसं वाटतं, पण त्यांत बहुधा सुकट आणि सॉसेजचे तुकडे असतात. विचारून घ्यावं. ‘चाय१ छ्यॉङ्२’ हा मात्र भरवशाचा पदार्थ, तांदळाच्या पातळ पोळीची आत काहीही न भरलेली गुंडाळी.

कारण ‘चाय’चा दुसरा अर्थ ‘नुसता’ असा झाला आहे. स्थानिक कॅफेत ‘चाय१ फे१’ मागितली की दूध-साखर काही नसलेली काळी कॉफी येते. याच कॅफेंतल्या वेटरच्या चिठ्ठीवर शून्य आणि त्यापुढे रोमन टी असं लिहिलेलं दिसतं. तो लिंबाचा चहा. लिंबू म्हणजे ‘नेङ्४’, पण न चा ल झाला की तो ‘लेङ्४’ होतो, म्हणजे शून्य. वेटरला लिंबाचं अवघड अक्षर गिरवण्यापेक्षा शून्य काढणं सोपं जातं.

तो शून्याचा सूर जेवण संपल्यावर पुन्हा कामी येतो. बिल मागायचं ते ‘म्४ कॉय१, माय४ तान१!’ असं. हा चौथा ‘माय’, अर्थ ‘आवरणं, जुळवणं’ याच्या जवळचा. मुख्य चीनमधल्या मँडरीनने हा शब्द हाँगकाँगकडून उचलला आणि लिहिताना त्यात ‘विकत घेणे’चं अक्षर घातलं, कारण सूर ओळखीचा नव्हता. त्यामुळे पर्यटक पाचाच्या सुरात ‘माय५ तान१’ म्हणाला तरी बिल येतं. संदर्भ असला की सुराची चूक माफ होते. नुसता एकच शब्द तोंडातून टाकला, रस्त्याचं किंवा पदार्थाचं नाव घेतलं, तेव्हा ती नडते. मग आधी बोट दाखवून ‘ली१ कॉ३’, म्हणजे ‘हे’, म्हणावं आणि नाव नंतर विचारून घ्यावं.

बिलावर न मागितलेल्या दोन ओळी दिसतात. एक ‘छा४ वय२’, माणशी चहाचा आकार. दुसरी ‘का१ यत्१’, शब्दशः ‘एक वाढवा’, म्हणजे दहा टक्के सेवाशुल्क. दोन्ही नेहमीच्याच आहेत. पुण्याच्या त्या बाईंनी आकडे तपासले, पैसे ठेवले, अर्धा कन भाजीची पिशवी उचलली. वेटरने टेबल पुसता पुसता मान वर न करताच ‘म्४ कॉय१ साय३’ म्हटलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, ‘केय२ तॉ१ वय२ आ३?’